सुक्या मेव्याचे पाकीट : आधी पाठ वाचावी, मग वास घ्यावा

घरातील वडीलधाऱ्यांसाठी सुका मेवा आणताना आपण सहसा दोनच गोष्टी पाहतो : दर आणि दर्शनी रूप. बेदाणे सोनेरी असावेत, जर्दाळू नारिंगी व मऊ असावेत, काजू पांढरे आणि चकचकीत असावेत, अशी आपली नजर वर्षानुवर्षे घडलेली आहे. परंतु ज्याला दमा आहे, रक्तदाब आहे किंवा मधुमेह आहे अशा सत्तरीच्या माणसाच्या दृष्टीने ही चकाकी पुष्कळदा विचार करायला लावणारी असते. सोनेरी रंगामागे गंधक असू शकते, चमकेमागे तेल असू शकते आणि आंबटगोड चवीमागे साखरेचा पाक असू शकतो. या तिन्ही गोष्टी पाकिटाच्या पाठीवर बहुधा लिहिलेल्या असतात. चौथी गोष्ट, म्हणजे खवटपणा, मात्र कोठेही छापलेली नसते. ती नाकानेच ओळखावी लागते.

सोनेरी रंग येतो कोठून?

आपल्या सांगली-तासगाव परिसरातील बेदाण्याचे उदाहरण घेऊ. द्राक्षे वेलीवरून उतरवल्यावर पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या पाण्यातील मिश्रणात काही मिनिटे बुडवतात. त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर बाहेर पडते. मग शेडमधील जाळ्यांवर सावलीत ती सुमारे पंधरवडाभर वाळतात. ज्या बेदाण्याला पिवळा, सोनेरी रंग हवा असतो, त्याला गंधकाची धुरी देतात. गंधक जळून तयार होणारा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड.

सफरचंद चिरून ठेवले की ते तपकिरी पडते, हे आपण रोज पाहतो. फळातील विकर आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने हा रंग येतो. सल्फर डायऑक्साइड ही क्रिया रोखतो, शिवाय बुरशी आणि किण्व यांची वाढ थोपवतो. म्हणूनच गंधक न लावलेला जर्दाळू वाळल्यावर गडद तपकिरी व काहीसा चिवट होतो, तर गंधकाचा जर्दाळू महिनोन्‌महिने नारिंगी राहतो. उन्हात साधेपणाने वाळवलेली मनुका काळपट दिसते, त्याचेही कारण हेच.

हा वायू किंवा त्याचे क्षार अन्नात वापरणे बेकायदा नाही. ठरलेल्या मर्यादेत त्यांना परवानगी आहे. घरी लिंबाचे किंवा आंब्याचे सरबत टिकवण्यासाठी ज्या गृहिणी ‘के.एम.एस.’ची चिमूट घालतात, ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट याच कुळातले. निरोगी माणसाला त्याचा सहसा त्रास होत नाही. प्रश्न आहे तो दम्याच्या रुग्णांचा. त्यांच्यापैकी शेकडा ३ ते १० जणांना सल्फाइट सोसत नाही, असे मानले जाते. दमा तीव्र असेल, नियमित स्टिरॉइड घ्यावे लागत असेल, तर धोका अधिक. खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते अर्ध्या तासाच्या आत खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, घरघर आणि धाप अशी लक्षणे दिसू लागतात. क्वचित अंगावर गांधीही उठतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अनेक वृद्धांच्या फाइलवर ‘सल्फा औषधाची ॲलर्जी’ असे लाल अक्षरांत लिहिलेले असते. ते सल्फोनामाइड गटातील औषधांविषयी असते. सल्फाइट हे वेगळे रसायन आहे. सल्फा औषध सोसत नाही म्हणून बेदाणे वर्ज्य होत नाहीत. आणि सल्फा औषध सोसते म्हणून सल्फाइट सोसेलच, असेही नाही.

एक पाकीट उलटून पाहू

माझ्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुग्ण आजींना जुना दमा आहे. पंप नियमित घेत असूनही त्यांना दुपारी चारच्या सुमारास धाप लागू लागली होती. धूळ, उदबत्ती, पाळीव प्राणी असे सारे विचारून झाले. तेव्हा त्यांच्या सुनेला मी सांगितले की, आठ दिवस आजी जे जे खातील-पितील ते वेळेसह लिहून ठेवा. त्या वहीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या दिवशी चहाआधी मिश्र सुका मेवा मूठभर खाल्ला, त्याच दिवशी धाप लागली होती. एकादशीला दूध-केळे घेतले त्या दिवशी नाही. सूनबाई पाकीटच घेऊन आल्या आणि आम्ही ते दोघांनी मिळून वाचले.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. त्या यादीत बेदाणे, गोड केलेली क्रॅनबेरी, जर्दाळू, काजू आणि अक्रोड असे होते. क्रॅनबेरीपुढे कंसात साखर आणि सूर्यफुलाचे तेल लिहिलेले होते, तर जर्दाळूपुढे ‘प्रिझर्व्हेटिव्ह २२०’. २२० हा आकडा म्हणजेच सल्फर डायऑक्साइड. त्याची भावंडे २२१ ते २२५ आणि २२८ या क्रमांकांनी ओळखली जातात. पैकी २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट आणि २२४ म्हणजे आपले के.एम.एस. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात किंवा पर्समध्ये ठेवले, तर दुकानात चष्मा लावून ताडून पाहता येतात. याखेरीज, पदार्थात एका किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असेल तर ‘सल्फाइट आहे’ अशी ॲलर्जीविषयक सूचनाही भारतीय नियमांनुसार पाकिटावर द्यावी लागते. ती बहुधा यादीच्या खाली, ‘कंटेन्स’ या इंग्रजी शब्दाने सुरू होते.

सूनबाईंनी रास्त प्रश्न विचारला : “नियमात बसत असेल, तर त्रास का व्हावा?” त्याचे उत्तर हिशेबात आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने सल्फर डायऑक्साइडची दैनंदिन स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.७ मिलिग्रॅम अशी सुचवलेली आहे. आजींचे वजन ५५ किलो. म्हणजे दिवसाला सुमारे ३८ मिलिग्रॅम. मूठभर मिश्रण म्हणजे साधारण ३० ग्रॅम. त्यात बेदाणे आणि जर्दाळू मिळून १३ ग्रॅम असतील आणि समजा दर किलोला १००० मिलिग्रॅम गंधक असेल, तर पोटात १३ मिलिग्रॅम जातात. मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. पण ही मर्यादा सर्वसाधारण माणसाच्या आयुष्यभराच्या सेवनाचा विचार करून ठरलेली असते. ज्याची श्वासनलिकाच या रसायनाला चटकन आकसते त्याच्यासाठी नव्हे. अशा रुग्णाला त्याहून बऱ्याच कमी मात्रेनेही धाप लागू शकते.

आजींचे ते मिश्रण बंद केले. बदाम, अक्रोड आणि बिनगंधकाच्या काळ्या मनुका चालू ठेवल्या. दुपारची धाप थांबली. खात्री करून घेण्यासाठी घरी पुन्हा ‘थोडेसे देऊन पाहू’ असा प्रयोग करू नये, हे मी त्यांना बजावून सांगितले. सल्फाइटची चाचणी करायचीच झाल्यास ती रुग्णालयात, औषधे आणि प्राणवायू हाताशी ठेवूनच करतात. अशी शंका आली तर रुग्णाला डॉक्टरांनी सांगितलेला तातडीचा पंप द्यावा, सरळ बसवावे आणि आराम न पडल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जाताना पाकीट सोबत घ्यावे.

सुटा माल घेताना यादी वाचायला मिळत नाही. तेथे रंगावरून अंदाज करता येतो, निर्णय नव्हे. एकसारखे सोनेरी बेदाणे आणि चमकदार नारिंगी जर्दाळू हे गंधकाचे मानावेत. हिरवा बेदाणा बिनगंधकाचा असेलच असे नाही. ताज्या उघडलेल्या पाकिटातून विझलेल्या आगकाडीसारखा तिखट, नाकात झोंबणारा वास आला तर तो गंधकाचाच; परंतु वास आला नाही म्हणून गंधक नाही, असे म्हणता येत नाही. घरच्या घरी करावयाची विश्वासार्ह चाचणी उपलब्ध नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे. त्याने सल्फाइटचा काही भाग निघून जातो, पण फळातील घटकांशी जखडलेला भाग तसाच राहतो. निरोगी माणसासाठी ही सवय चांगली आहे. ज्याला सल्फाइट सोसत नाही त्याला मात्र तिचा भरवसा देऊ नये.

चमक तेलाची, गोडी पाकाची

बेदाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये म्हणून त्यांना खाद्यतेलाचा पातळ हात देतात. एरवी बेदाण्यात स्निग्धांश जवळजवळ नसतोच. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमहूनही कमी. त्यामुळे येथे एक सोपी परीक्षा करता येते. पाच-सहा अखंड बेदाणे पांढऱ्या कागदी रुमालात घेऊन, फुटणार नाहीत इतपत दाबावेत आणि कागद अर्धा तास वाळू द्यावा. ओलाव्याचा डाग नाहीसा होतो. तेलाचा डाग राहतो, आणि कागद उजेडाकडे धरला की तो पारदर्शक दिसतो. हे तेल अल्प असते आणि त्याने उष्मांकांत फारशी भर पडत नाही. पण ते जुने झाले की खवट होते आणि बेदाण्यालाही तोच वास लागतो.

काजू-बदामाला ही परीक्षा लावू नये. त्यांच्यात मुळातच भरपूर तेल असल्याने डाग पडणारच. तेथे यादीच वाचावी. ‘रोस्टेड’ म्हणजे कोरडे भाजलेले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात अनेकदा तो जिन्नस तेलात तळलेला असतो. यादीत काजूनंतर तेलाचे नाव आले, तर तो तळलेला किंवा तेल लावून भाजलेला समजावा. रक्तदाबाच्या रुग्णाने याच वेळी सोडियमची ओळ पाहावी. साध्या काजूत १०० ग्रॅममागे सोडियम १०-१५ मिलिग्रॅमच्या आसपास असते. खारवलेल्या काजूत ते काही शेकड्यांवर जाते.

साखरेच्या बाबतीत पाकिटावरील दोन ओळींत फरक करावा लागतो. ‘टोटल शुगर्स’ म्हणजे एकूण साखर आणि ‘ॲडेड शुगर्स’ म्हणजे बाहेरून घातलेली साखर. बेदाण्यात एकूण साखर १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमच्या आसपास दिसेल. तो आकडा पाहून भेसळीची शंका घेऊ नये. द्राक्षातले पाणी उडून त्याचीच साखर एकवटलेली असते. पाहायची ती दुसरी ओळ. क्रॅनबेरी हे मुळात इतके आंबट फळ आहे की बिनसाखरेचे वाळवले तर बहुतेकांना खाववणार नाही. त्यामुळे बाजारातील वाळवलेल्या क्रॅनबेरीतील बहुतांश साखर बाहेरची असते. अननस, पपई, किवी, आवळा यांचे पारदर्शक, दाणेदार तुकडे हेही पाकात मुरवलेलेच असतात. तो सुका मेवा नसून मुरांबा वाळवलेला आहे, असे समजावे. यादीत साखर हा शब्द नसला, तरी लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप किंवा फळाच्या रसाचा अर्क यांपैकी काही असेल, तर अर्थ तोच.

आजींच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे एकूण साखर ४५ ग्रॅम आणि बाहेरची साखर १६ ग्रॅम छापलेली होती. म्हणजे ३० ग्रॅमच्या मुठीत एकूण साडेतेरा ग्रॅम, सुमारे तीन चमचे. त्यातला एक चमच्याहून अधिक निव्वळ बाहेरून घातलेला. आजोबांना मधुमेह होता आणि तेही त्याच डब्यातून खात असत. ‘साखर घातलेली नाही’ असे दर्शनी बाजूस लिहिलेले असले, तरी खजूर आणि बेदाणे मधुमेहींसाठी गोडच असतात, हेही याच हिशेबाने ध्यानात येईल.

अंजिरावर किंवा जुन्या बेदाण्यावर पांढरी पूड दिसली की घरात वाद होतो : साखर की बुरशी? फळाची स्वतःची साखर पृष्ठभागावर येऊन स्फटिक होते, ती बोटाला रवाळ लागते आणि कोमट पाण्यात विरघळून जाते. बुरशी कापसासारखी, केसाळ असते, विरघळत नाही आणि तिला कुबट वास येतो. बुरशी असेल तर तेवढाच दाणा न काढता सगळा जिन्नस टाकावा.

खवटपणा : येथे घरातील दुसऱ्याचे नाक हवे

वय वाढते तशी वासाची जाण मंदावते आणि हे इतके हळूहळू होते की ज्याचे त्याला कळत नाही. त्यामुळे आजोबा “छान आहेत अक्रोड” म्हणाले, तरी ती परीक्षा पुरेशी नव्हे. वास घेण्याचे काम घरातील तरुण माणसाने करावे. सर्दी नसताना, फोडणीच्या वेळी नव्हे, आणि तपकीर किंवा मशेरीची सवय नसलेल्याने.

सगळ्यांत लवकर खवट होतो तो अक्रोड. त्याच्या वजनात शेकडा सुमारे ६५ भाग स्निग्धांश असतो आणि त्यातला बहुतेक भाग प्राणवायूशी चटकन संयोग पावणाऱ्या प्रकारचा असतो. उजेड, उष्णता आणि हवा यांनी ही क्रिया वेग घेते. दुकानाच्या काचेत उन्हासमोर टांगलेले पारदर्शक पाकीट म्हणूनच टाळावे. पाकिटावरील पॅकिंगची तारीख ही पिकाची तारीख नसते, हेही लक्षात असावे. काश्मीरचा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास उतरतो. मे महिन्यात भरलेल्या पाकिटात त्याआधीच्या शरदातला माल असणार.

परीक्षा अशी. पाकिटाच्या वरून, मधून आणि तळातून दोन-दोन तुकडे घ्यावेत, मोडावेत आणि झाकणाच्या लहान काचेच्या बरणीत दहा मिनिटे ठेवावेत. मग झाकण काढताच वास घ्यावा. ताज्या अक्रोडाला मंद, गोडसर, लाकडासारखा वास येतो. खवट अक्रोडाला रंगाच्या डब्यासारखा किंवा दिवाळीच्या चकलीचा डबा फेब्रुवारीत उघडल्यावर येतो तसा वास येतो. मोडलेला गर आतून पांढरट असावा. पिवळा, तेलकट, अर्धपारदर्शक दिसला तर तो जुना. शेवटी एक तुकडा चावून पाहावा. सालीचा किंचित तुरटपणा स्वाभाविक आहे, पण गिळल्यावर घशात खवखव उरली तर तो खवटपणा होय. मग तो भाजून, मीठ लावून किंवा लाडवात घालून सुधारत नाही. वास झाकला जातो, एवढेच. असा एखादा तुकडा खाल्ल्याने विषबाधा होत नाही, परंतु ज्या स्निग्धांशासाठी आणि ई जीवनसत्त्वासाठी आपण अक्रोड देतो, तेच त्यात बिघडलेले किंवा नष्ट झालेले असते, आणि नाजूक पोटाला त्रास होतो तो वेगळाच.

दात नसलेल्या वृद्धांसाठी घरोघरी बदाम-अक्रोडाची पूड करून ठेवतात. या पुडीकडे विशेष लक्ष द्यावे. दळल्यामुळे कणाकणाला हवा लागते, त्यामुळे अखंड अक्रोडापेक्षा ती कितीतरी लवकर खवट होते; आणि दुधात वेलची-जायफळाबरोबर गेल्याने कोणालाच कळत नाही. ती आठवड्यापुरतीच करावी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी आणि मसाला त्यात आधी न मिसळता दुधात वेगळा घालावा, म्हणजे रोज बरणी उघडताना वासाची परीक्षा आपोआप होते. अखंड अक्रोड, पिस्ते आणि काजू हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये सहा महिने चांगले राहतात. आपल्याकडील उन्हाळ्यात ते बाहेर ठेवायचे असतील, तर महिन्याभरात संपतील इतकेच आणावेत.

पाकिटावर सल्फाइटचा उल्लेख नसताना तिखट गंधकाचा वास आला, अथवा मुदतीच्या आतला माल खवट निघाला, तर पाकीट फेकू नये. त्यावरील १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि बिल यांसह राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. उरलेला जिन्नस त्याच पाकिटात, तोंड बंद करून जपून ठेवावा. तपासणीस तोच उपयोगी पडतो.